एका भाडेपट्ट्यातली तीन घड्याळं

तळमजल्यावरचं सातशे चौरस फुटांचं एक दुकान. भाड्याने घेणारी कंपनी बेकरीची दुकानं चालवते, देणारा मालक निवृत्त गृहस्थ आणि त्याचं हे एकमेव दुकान. नऊ वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा झाला होता. तीन वर्षं होत आली तसं त्या दुकानातून काही सुटत नाही हे कंपनीच्या लक्षात आलं आणि तिने बाहेर पडायचं ठरवलं. माझ्याकडे फाइल आली तेव्हा मालकाची मागणी अनामत रक्कम जप्त करून वर आणखी २,०७,५०० रुपयांची होती, आणि कंपनीच्या मते ती एक पैसाही देणं लागत नव्हती. मी कंपनीच्या बाजूने होतो हे आधीच सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आधी थोडं दस्ताच्या प्रकाराबद्दल. महाराष्ट्रात दुकान देणारे बहुतेक मालक भाडेपट्टा करतच नाहीत, लिव्ह अँड लायसन्स करतात. एक कारण मुद्रांक शुल्काचं. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला एकूण मोबदल्याच्या पाव टक्का शुल्क लागतं. भाडेपट्ट्याचं शुल्क मात्र मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या ठरावीक हिश्श्यावर खरेदीखताच्या दराने बसतं. पाच वर्षांपर्यंत हा हिस्सा दहा टक्के असतो आणि पाच ते दहा वर्षांना पंचवीस टक्के. दुसरं कारण अधिक खोल आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला की मुदत संपली म्हणून भाडेकरू उठत नाही आणि मनाजोगी भाडेवाढही कायद्याच्या चौकटीत अडकते. पण ज्या खासगी किंवा सार्वजनिक मर्यादित कंपनीचं भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला दिलेल्या जागेला कलम ३ प्रमाणे हा कायदा लागू होत नाही. आमची कंपनी त्यात बसत होती. म्हणून मालक नऊ वर्षांना तयार झाला, आणि भाडेवाढ व बाहेर पडण्याच्या अटी दोघांना करारानेच ठरवता आल्या. अशी सूट असेल तर भाडेकरूचं भागभांडवल किती आहे हे दस्तात लिहून घ्यावं आणि कागद जोडावा. इथे तेवढं तरी नीट केलेलं होतं.

आता तारखा. दस्त १० जून २०२१ रोजी नोंदला गेला. जागेचा ताबा १ जुलै २०२१ ला मिळाला. सजावट आणि जोडणीच्या कामासाठी, म्हणजे सगळे ज्याला फिट-आऊट म्हणतात त्यासाठी, दोन महिने बिनभाड्याचे होते. भाडे १ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालं, महिना ९०,००० रुपये. अनामत सहा महिन्यांची, ५,४०,००० रुपये. जीएसटी वेगळा होता; हिशेब सोपा राहावा म्हणून तो इथे कुठेच धरलेला नाही.

दस्तातली चार वाक्यं या सगळ्या भांडणाचं मूळ होती. मुदत ‘ताबा दिल्याच्या तारखेपासून नऊ वर्षे’. भाडेवाढ ‘दर ३६ महिन्यांनी १५ टक्के’. लॉक-इन असं: ‘पहिले ३६ महिने भाडेकरूस करार संपुष्टात आणता येणार नाही, त्यानंतर तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन संपुष्टात आणता येईल’. आणि जागा परत करताना ‘नैसर्गिक झीज वगळता मूळ स्थितीत’ करायची. मुदतीला सुरुवातीची तारीख होती. भाडेवाढीला नव्हती आणि लॉक-इनलाही नव्हती.

कंपनीने १ मे २०२४ ला नोटीस दिली की ३१ जुलैला आम्ही जागा सोडतो. तिचा हिशेब असा: लॉक-इन ताब्यापासून मोजायचं, ते ३० जूनला संपलं, आणि आम्ही त्यानंतरच बाहेर पडतो आहोत. मालकाचं म्हणणं वेगळं होतं. पहिल्या भेटीत तो मला म्हणाला, “वकीलसाहेब, तीन वर्षं म्हणजे भाड्याची तीन वर्षं. ते दोन महिने मी फुकट दिले, ते माझ्याच अंगावर मोजायचे?” म्हणजे लॉक-इन ३१ ऑगस्ट २०२४ पर्यंत. शिवाय ‘त्यानंतर नोटीस देऊन’ असं लिहिलंय, तेव्हा नोटीसही लॉक-इन संपल्यावरच द्यायची आणि तिचे तीन महिने पुढे धरायचे. असं धरलं तर कंपनीची सुटका ३० नोव्हेंबरला.

गंमत अशी की भाडेवाढीच्या बाबतीत दोघांनीही बाजू बदलली होती. जुलै २०२४ चं बिल मालकाने १,०३,५०० रुपयांचं पाठवलं, कारण ताबा देऊन ३६ महिने झाले. कंपनीने ९०,०००च भरले, कारण भाडं सुरू होऊन ३६ महिने व्हायला अजून दोन महिने होते. लॉक-इन मोजताना मालकाचं घड्याळ भाड्यापासून आणि भाडेवाढ मोजताना ताब्यापासून. कंपनीचं नेमकं उलटं. दोघांपैकी कुणीही लबाडी करत नव्हतं. आपापलं कलम आपल्या सोयीने वाचलं होतं आणि ते तसं वाचता येईल असंच लिहिलेलं होतं.

मालकाचा पूर्ण हिशेब असा होता. जुलैतला फरक १३,५००. ऑगस्ट ते नोव्हेंबर चार महिने १,०३,५०० प्रमाणे ४,१४,०००. जागा मूळ स्थितीत आणायला ३,२०,०००. एकूण ७,४७,५००. त्यातून अनामत वजा केली की उरतात ते वर सांगितलेले २,०७,५००.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११० मध्ये याची थोडी सोय आहे. पट्ट्याची मुदत कधी सुरू होते हे लिहिलेलं नसेल तर ती दस्त झाल्यापासून धरायची. म्हणजे कागदावर दस्ताच्या तारखेचं, १० जूनचं, तिसरं घड्याळही होतं. पण इथे मुदतीला ताब्याची तारीख दिलेली असल्यामुळे ते कुणाच्याच कामाचं नव्हतं. मला कंपनीची बाजू लॉक-इनवर बरी वाटत होती. ‘पहिले ३६ महिने’ म्हणजे कशाचे पहिले? ज्या मुदतीबद्दल दस्त बोलतो तिचेच, आणि ती ताब्यापासून सुरू होते. भाडेवाढीचं वाक्य मात्र भाड्याबद्दल आहे, आणि भाडं सप्टेंबरपासून. म्हणजे दोन्ही ठिकाणी कंपनीचा अर्थ मांडता येण्याजोगा होता.

मग कंपनीचीच एक मेल पुढे आली.

ती समजायला फिट-आऊटच्या काळात मागे जावं लागतं. बेकरीच्या भट्ट्यांना २८ किलोवॉटचा वीजभार हवा होता आणि जागेला मंजूर होता १२. भार वाढवून घ्यायचा कुणी, खर्च कुणाचा, आणि उशीर झाला तर बिनभाड्याचे दिवस वाढणार का, यावर दस्तात अक्षर नव्हतं. वीजजोडणी मालकाच्या नावावर, त्यामुळे अर्जावर सही त्याची लागणार. तो गावी गेलेला. भार मिळाला ५ ऑक्टोबरला, भाडं मात्र १ सप्टेंबरपासून चालू झालेलं. कंपनीच्या जागा बघणाऱ्या अधिकाऱ्याने एक महिन्याच्या सवलतीसाठी मालकाला मेल लिहिली, आणि आपली बाजू भक्कम करण्याच्या भरात लिहून गेला की ‘आम्ही तसेही ३१ ऑगस्ट २०२४ पर्यंत लॉक-इनमध्ये आहोत, तेव्हा एका महिन्याचा विचार व्हावा’. सवलत मिळाली नाही. मेल मालकाच्या मुलाने जपून ठेवली.

दस्ताचा अर्थ दुहेरी निघत असेल तर पक्षकार स्वतः तो कसा समजून वागले हे बघितलं जातं. माझ्या ‘पहिले म्हणजे मुदतीचे पहिले’ या युक्तिवादातली हवा त्या एका वाक्याने गेली. त्यानंतर मी लॉक-इन ३१ ऑगस्टपर्यंत आहे असं मनात धरूनच चाललो, फक्त समोर तसं बोललो नाही.

पण लॉक-इन मोडलं म्हणजे उरलेलं सगळं भाडं आपोआप देणं लागतं असं नाही, आणि हे मालकाच्या बाजूला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. दस्तात ‘उर्वरित लॉक-इन काळाचे संपूर्ण भाडे देय राहील’ असं वाक्य असलं तरी ती करारभंगाची ठरवून ठेवलेली रक्कम असते, आणि तिला भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७४ लागतं. तो आकडा कमाल मर्यादा. त्याच्या आत वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं की नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं. आणि कलम ७३ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे, नुकसान कमी करण्याची साधनं हाताशी असतील तर तीही हिशेबात येतात. रिकाम्या दुकानाचं नुकसान मोजणं सोपं: दुसरा भाडेकरू कधी आला आणि किती भाड्याने?

इथे तो लवकर आला. मालकाने मे महिन्यातच दलालाला सांगून ठेवलं होतं, आणि ते शहाणपणाचंच होतं. १ सप्टेंबरला नव्या भाडेकरूने ताबा घेतला, एक महिना बिनभाड्याचा घेऊन १ ऑक्टोबरपासून १,०५,००० भाडं सुरू केलं. म्हणजे मालकाचंच घड्याळ मान्य केलं तरी त्याचं खरं नुकसान दोन महिन्यांचं: ऑगस्टचे ९०,००० आणि सप्टेंबरचे १,०३,५००. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये तर तो महिन्याला दीड हजाराने फायद्यात होता.

किल्ल्यांवरूनही एक छोटं नाट्य झालं. ३१ जुलैला कंपनीचा माणूस किल्ल्या घेऊन गेला तर मालक घेईना. “किल्ल्या घेतल्या की मी राजी झालो असं होईल,” असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ते अगदीच चूक नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १११ मध्ये पट्टा सोडून देण्याचा गर्भित प्रकारही सांगितला आहे, आणि मालकाने ताबा परत स्वीकारणं हे त्याचं नेहमीचं उदाहरण. पण किल्ल्या नाकारून जागा रिकामी ठेवली की नुकसान आपणच वाढवलं असं होतं. शेवटी ५ ऑगस्टला ‘दोन्ही पक्षांचे हक्क राखून’ असं लिहून किल्ल्या दिल्या-घेतल्या गेल्या आणि त्याच कागदावर विजेच्या मीटरचं वाचन टाकलं. एवढ्या पाच ओळी आठवडाभर आधी लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या धांदलीत कंपनीचं एक नुकसान झालं. भिंतीवरचे दोन एसी ‘नंतर नेऊ’ म्हणून मागे ठेवले होते. त्याच कायद्याच्या कलम १०८ (ज) प्रमाणे भाडेकरूला जागेला जोडलेल्या आपल्या वस्तू काढून नेता येतात, पट्टा संपल्यावरसुद्धा, पण ताबा आपल्याकडे असेपर्यंतच, त्यानंतर नाही. किल्ल्या दिल्या आणि एसी नेण्याचा हक्क तिथेच थांबला. नोंदपत्रात ‘दोन एसी दहा दिवसांत नेऊ’ अशी ओळ असती तर प्रश्नच नव्हता. मी कंपनीला ते सोडून द्यायला सांगितलं, कारण त्या वेळी त्यांच्यापेक्षा मोठा प्रश्न ‘मूळ स्थिती’चा होता.

फिट-आऊटवर एकूण २१ लाख खर्च झाला होता. त्यातले साधारण १२ लाख भट्ट्या, काउंटर, फ्रीज अशा उचलून नेण्याच्या वस्तूंचे, आणि त्या कंपनीने नेल्या. उरलेले ९ लाख फरशी, फॉल्स सीलिंग, वायरिंग, नळजोडणी, धुराचा डक्ट आणि एक पोटमाळा यांत गेले होते. दस्ताने या सगळ्याला एकच वाक्य लावलं होतं: मूळ स्थितीत परत करा. मालकाचं ३,२०,००० चं अंदाजपत्रक त्यावर उभं होतं. नवी फरशी उखडा, जुनी बसवा, सीलिंग उतरवा, वायरिंग काढा.

पण मूळ स्थिती म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि ताबा देताना फोटोही काढलेले नव्हते. कंपनीच्या नशिबाने कंत्राटदाराने मोजमापं घ्यायला आला त्या दिवशी फोनवर फोटो काढले होते. त्यात जुन्या फरशीच्या निम्म्या लाद्या फुटलेल्या दिसत होत्या आणि वायरिंग उघडं लोंबत होतं. मालकाच्या मुलाने ते फोटो बघितले आणि अंदाजपत्रकातली फरशीची ओळ स्वतःच खोडली. त्यातच नव्या भाडेकरूने फरशी, सीलिंग आणि वायरिंग आहे तसंच वापरायला घेतलं. जे कुणी काढणारच नाही ते काढण्याचा खर्च कसा मागणार?

पोटमाळा वेगळा. तो लोखंडी गर्डर भिंतीत रोवून केला होता, वर मैद्याची पोती ठेवायला. मालकाने तो बघितला होता, एकदा वर चढूनही पाहिलं होतं, पण लेखी संमती नव्हती. कलम १०८ (त) प्रमाणे मालकाच्या संमतीशिवाय भाडेकरूने कायमचं बांधकाम करायचं नसतं, आणि असं बांधकाम महापालिकेच्या परवानगीशिवाय असेल तर नोटीस मालकाच्या दारात येते. तिथे मी वाद घातला नाही. डक्टसाठी मागच्या भिंतीला पाडलेल्या भोकाबद्दलही नाही. पोटमाळा उतरवणं, भिंती बुजवणं, प्लास्टर आणि रंग यांचा खरा खर्च ७०,००० आला आणि तो कंपनीने मान्य केला.

ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली. भाडेवाढ भाडं सुरू झाल्यापासून मोजायची असं ठरलं, म्हणून जुलैचे १३,५०० गेले. लॉक-इनही त्याच तारखेपासून धरलं, म्हणून ऑगस्टचे ९०,००० कंपनीने दिले. सप्टेंबरचं भाडं अर्धं अर्धं केलं, ५१,७५०. कारण तो महिना नव्या भाडेकरूला बिनभाड्याचा मिळाला तरी कंपनीच्या तयार कामामुळे बिनभाड्याचा काळ एका महिन्यावरच भागला. यात ७०,००० मिळवले की २,११,७५०. अनामतीतून ते वजा करून ३,२८,२५० रुपये कंपनीला परत मिळाले. कोर्टात गेलो असतो तर सप्टेंबरबद्दल आणखी भांडता आलं असतं. पण ५१,७५० रुपयांसाठी काही वर्षांच्या तारखा घेणं मला हिशेबात बसत नव्हतं.

पैसे देण्याआधी मालकाने एक अट घातली आणि ती रास्त होती. भाडेपट्टा नोंदणीकृत असल्याने दुय्यम निबंधकांच्या सूची क्रमांक दोनमध्ये त्या जागेवर २०३० पर्यंत कंपनीचा पट्टा दिसत राहणार होता, किल्ल्या कुणाकडेही असोत. पुढे दुकान गहाण ठेवायचं किंवा विकायचं तर बँकेचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार. म्हणून पट्टा सोडून दिल्याचा वेगळा दस्त करून तो नोंदवला, आणि अनामतीचा धनादेश नोंदणी झाली त्याच टेबलावर दिला गेला.

कंपनीने पुढच्या दुकानासाठी मला मसुदा करायला सांगितला तेव्हा मी कलमं फारशी वाढवली नाहीत. ‘भाडे सुरू होण्याची तारीख’ ही एकच तारीख व्याख्येत घातली आणि लॉक-इन, भाडेवाढ, मुदत ही तिन्ही तिच्यावर टांगली: ‘ताबा मिळाल्यापासून ६० दिवस, किंवा मंजूर वीजभार जागेवर उपलब्ध झाल्यापासून ३० दिवस, यांपैकी जी नंतर येईल ती, ही तारीख उभय पक्षांनी सात दिवसांत लेखी नोंदवावी.’ नोटिशीच्या वाक्यात लिहिलं की ती लॉक-इनच्या काळातही देता येईल, फक्त तिचा शेवट लॉक-इन संपण्याच्या आधी होता कामा नये. लॉक-इन मोडलं तर उरलेलं सगळं भाडं नाही. नवा भाडेकरू येईपर्यंतचं, आणि जास्तीत जास्त चार महिन्यांचं. फिट-आऊटसाठी दोन याद्या जोडल्या, एक जे नेता येईल त्याची आणि दुसरी जे तसंच सोडायचं त्याची, आणि ताब्याच्या दिवशीचे दोघांनी सह्या केलेले फोटो. पोटमाळ्यासारख्या कामाला मालकाची लेखी संमती आणि परवानगीची प्रत आधी हवी.

त्या दुकानाच्या मालकिणीने मसुदा वाचून एकच बदल मागितला. वीजभाराच्या वाक्याला तिने शेवट जोडला: ‘मात्र ही तारीख ताब्यापासून १२० दिवसांपलीकडे जाणार नाही.’ कंपनीचा अर्जच उशिरा गेला तर तिने भाडं किती काळ थांबवायचं, असा तिचा प्रश्न होता. मी ती ओळ तशीच ठेवली.